पाचव्या माळेलाच गोटला का चढला? मीठ कमी पडलं, पोटरी थकली, की नसांचा गोंधळ?

मृण्मयी_रावपुरा
काल पाचव्या माळेला रात्री पावणेबाराच्या सुमारास माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. इकडे आपण त्याला गोटला चढला म्हणतो तोच. गरब्याची चाल नुकतीच वाढली होती, चवड्यांवर उड्या चालू होत्या, आणि एका क्षणी पोटरी दगडासारखी झाली. बोट लावलं तर आत सुपारीएवढी गाठ लागत होती. मैत्रिणीने मला मातीतच बसवलं, गुडघा सरळ धरला आणि चवडा माझ्याकडे दाबून ठेवला. अर्ध्या मिनिटात सुटलं. पण उठून चार टाळ्या घेतल्या तर परत तेच.

आता प्रश्न. मी यंदा रोज घरून निघताना आणि परत आल्यावर वजन करते आहे. मैदानावर किती पाणी प्यायले तेही लिहून ठेवते.

दुसरी माळ: जाताना 58.6 किलो, येताना 57.5. मध्ये अर्धा लिटर साधं पाणी. म्हणजे घाम साधारण 1.6 लिटर गेला आणि अंगात 1.1 किलोची तूट राहिली. पोटरीला काहीही झालं नाही.

पाचवी माळ: जाताना 58.4, येताना 57.8. मध्ये एक लिटर ओआरएस. घाम तेवढाच, 1.6 लिटर, पण तूट फक्त 0.6 किलो. आणि गोळा आला.

पाणी आणि मीठ कमी पडल्यामुळे गोळा येतो असं लहानपणापासून ऐकते आहे. तसं असेल तर तो दुसऱ्या माळेला यायला हवा होता. माझं कुठे चुकतंय?

नाना_दांडियाबाजार
बेटा, तुझं काही चुकत नाही, शरीर हिशोबाच्या वहीप्रमाणे चालत नाही एवढंच. आम्ही आखाड्यात होतो तेव्हा जोर-बैठका झाल्या की वस्ताद लिंबू पिळून मिठाचं पाणी द्यायचे. ज्याने टाळलं त्याच्या पोटरीत रात्री गोळा ठरलेला. पन्नास वर्षांचा अनुभव आहे. घामाबरोबर मीठ जातं, मीठ गेलं की स्नायू आखडतो. एक ओआरएस पुरलं नसेल, दोन घे.

वैशाली_इंदूर
माझ्या आईलाही अगदी हेच होतं. वय 71, रोज पहाटे तीन-चारला पोटरीत गोळा येऊन जागी होते. बीपीची गोळी चालू आहे, त्यातली एक लघवी जास्त होण्याची आहे. कोणीतरी मॅग्नेशियम घ्या म्हणालं. मृण्मयी, तू मॅग्नेशियम घेतेस का?

केतकी_फिजिओ
वैशालीताई, आईंचा प्रश्न वेगळा आहे, त्याला इथे जोडू नका. झोपेत येणारा गोळा आणि व्यायामात येणारा गोळा दिसायला सारखे असले तरी कारणं एकच असतील असं नाही. वयस्कर लोकांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत फायदा होण्याची शक्यता कमीच दिसली. लघवीच्या गोळीने पोटॅशियम-सोडियम खाली जाऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना सांगून रक्त तपासा. गोळी मनाने बंद करू नका.

आता मृण्मयी. तू काढलेला हिशोब बरोबर आहे, आणि हीच गोष्ट संशोधकांना 1990 च्या दशकापासून खटकते आहे. पण नानांना खोडण्याआधी त्यांची बाजू नीट मांडते, कारण तिला खरा आधार आहे. 1923 साली इंग्लंडमध्ये मॉस नावाच्या संशोधकाने कोळशाच्या खाणीतल्या मजुरांचा अभ्यास केला. गरम खाणीत घाम गाळणारे, वर भरपूर साधं पाणी पिणारे मजूर गोळ्यांनी हैराण व्हायचे. पाण्यात मीठ घालून दिलं की त्रास कमी व्हायचा. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाच्या मजुरांमध्येही असंच दिसलं. नानांच्या वस्तादांचं लिंबू-मीठ हे त्याच जातीचं ज्ञान आहे.

अडचण पुढे आली. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला टू ओशन्स नावाची 56 किलोमीटरची शर्यत होते. तिथे श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी गोळा आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं. 2004 मध्ये ते छापून आलं. दोन्ही गटांत पाण्याची तूट आणि क्षार यांत गोळ्याचं कारण ठरेल असा फरक सापडला नाही. आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या खेळाडूंतही तसंच. तिथे गोळा कोणाला आला? ज्यांना आधी येऊन गेला होता आणि जे जास्त वेगाने गेले त्यांना.

आणि एक साधी गोष्ट बघ. मीठ रक्तात सगळीकडे सारखंच फिरतं. मग तुझ्या उजव्या पोटरीतच गोळा का? डावी का सुटली? मांड्या, दंड, पाठ यांना का नाही?

नाना_दांडियाबाजार
उजव्या पायावर भार जास्त पडत असेल.

केतकी_फिजिओ
नाना, तुम्ही हे बोललात तिथेच दुसरी बाजू सुरू होते. भार जास्त पडला म्हणजे तो स्नायू जास्त थकला.

1997 मध्ये श्वेलनस, डर्मन आणि नोक्स यांनी मांडलं ते असं. पोटरीकडून मज्जारज्जूकडे सतत दोन प्रकारच्या खबरा जात असतात. स्नायूच्या आत जे संवेदक आहेत ते ताणाची खबर देतात, आणि त्यावर वरून हुकूम येतो की आवळ. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत जे आहेत ते स्नायू किती जोराने ओढतोय ते सांगतात, आणि त्यावर हुकूम येतो की सैल सोड. ताज्या स्नायूत दोन्ही एकमेकांना सांभाळून असतात. थकलेल्या स्नायूत पहिल्याचा आवाज चढतो, दुसऱ्याचा पडतो. मग आवळण्याचा हुकूम थांबतच नाही.

यात एक बारीक मुद्दा आहे आणि तो गरब्याला फार लागू पडतो. स्नायू आधीच आखूड अवस्थेत असताना आणखी आवळला तर कंडरेवर ताण नीट येत नाही, त्यामुळे सैल सोड म्हणणारी खबर आणखीच दुबळी होते. चवड्यावर उभं राहिलं की पोटरी आखूड असते. शेवटच्या वेगवान फेऱ्यांत तुझी टाच जमिनीला लागते का? बहुतेक नाही.

म्हणून चवडा ओढला की सुटतं. पोटरी लांबते, कंडरा ताणली जाते, गेलेली खबर परत सुरू होते. अर्ध्या मिनिटात तुझ्या अंगात मिठाचा एक कणही वाढला नव्हता, आणि तरी गोळा गेला. माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

ओंकार_फतेगंज
केतकीताई, हे पटत नाही. ताणल्याने सुटतं म्हणून कारण नसांत आहे, हा उलटा तर्क झाला. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून ताप क्रोसिन कमी पडल्याने आला असं होत नाही. ताणणं हा उपाय असू शकतो आणि कारण मीठच असू शकतं. मिठाच्या कमतरतेने नस चिडखोर झाली असेल, आणि ताणण्याने ती तात्पुरती गप्प झाली असेल. मृण्मयीताईंना उठल्यावर चार टाळ्यांत परत गोळा आला ते याच्याशी जुळतं.

शिवाय थकव्यानेच होत असेल तर थकलेल्या प्रत्येकाला का येत नाही? मैदानावर हजारो लोक थकतात.

केतकी_फिजिओ
तुझा पहिला मुद्दा मान्य. मी भक्कम पुरावा म्हटलं ते जरा जास्त झालं. ताणण्यावरून एवढंच ठरतं की गोळा चालू राहायला नसांची हाक लागते. ती हाक कशाने बिघडली ते ठरत नाही. परत येण्याबद्दल मात्र थकव्याची बाजूही तेच सांगेल, कारण अर्ध्या मिनिटात थकवाही उतरत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर, संवेदकांची जी गोष्ट मी सांगितली तिचा मूळ आधार 1980 च्या दशकातले मांजरांवरचे प्रयोग आहेत. माणसाला धावता धावता गोळा येताना त्या संवेदकांची नोंद घेणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून प्रयोगशाळेत वेगळी युक्ती करतात. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेला विजेचे हलके ठोके देतात, सेकंदाला चारपासून सुरू करून वाढवत नेतात, आणि तळव्यातल्या अंगठ्याच्या छोट्या स्नायूत किती ठोक्यांना गोळा येतो ते बघतात. ज्यांना नेहमी गोळे येतात त्यांच्यात तो कमी ठोक्यांना येतो. तुझ्या हजारो लोकांचं उत्तर कदाचित यातच आहे, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. पण तो उंबरठा वेगळा का, हे मला सांगता येणार नाही.

सायकल_मकरपुरा
मध्येच बोलतो. मी रविवारी पावागडच्या बाजूला शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल मारतो. माझ्या काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे उमटतात, घाम डोळ्यांत गेला की झोंबतो. मला गोळा आधी पोटरीत, मग मांडीच्या मागे, मग कधी पोटातसुद्धा. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं कातडीखाली किडे वळवळल्यासारखं फडफडतं. ओआरएसमध्ये चिमूटभर जादा मीठ घालून प्यायला लागल्यापासून मे महिन्यातसुद्धा नाही आलं. केतकीताई, माझ्या बाबतीत नाना बरोबर आहेत.

केतकी_फिजिओ
असू शकतील. टेनिस आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये असे खेळाडू सापडले आहेत, ज्यांच्या घामात मीठ जास्त जातं आणि ज्यांना गोळेही येतात. तुमचं वर्णन, म्हणजे आधी फडफड, मग एका स्नायूतून दुसऱ्यात पसरणं, हे त्या प्रकाराशी जुळतं. मृण्मयीचं तसं नाही. एकच पोटरी, एकदम, तीही कामाच्या ऐन भरात. मी दवाखान्यात आधी हेच विचारते, गोळा एका जागी थांबला की फिरला? काही जाणकारांना वाटतं की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन भांडतोय. मला स्वतःला हे पटतं. पण दोन्ही प्रकार स्वच्छ वेगळे काढता येतील अशी तपासणी अजून नाही.

फडफड चालू असताना ताप चढला, उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा नंतर लघवी गडद चहासारखी झाली तर मीठ-पाणी करत बसू नका. थेट दवाखान्यात जा.

नाना_दांडियाबाजार
पैलवान लोणच्याचं पाणी प्यायचे असंही ऐकलं होतं. त्यात मीठच असतं ना?

केतकी_फिजिओ
नाना, लोणच्याच्या पाण्याने तर हा वाद आणखी रंगला! आपलं तेला-मसाल्याचं लोणचं नव्हे, काकडी व्हिनेगर आणि मिठात मुरवतात ते आंबट पाणी. अमेरिकेत मिलर यांनी 2010 मध्ये प्रयोग केला. घाम काढून तूट आणलेल्या तरुणांच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणला आणि लगेच थोडंसं प्यायला दिलं, किलोमागे एक मिलिलिटर, म्हणजे मृण्मयीला साधारण चार मोठे चमचे. लोणच्याच्या पाण्याने गोळा दीडएक मिनिटात गेला, साध्या पाण्यापेक्षा बराच लवकर. पण पाच मिनिटांनी रक्त बघितलं तर क्षार जवळजवळ जिथल्या तिथे. एवढ्या वेळात ते पोटातून पुढेही नीट सरकलेलं नसतं.

मग काम कोणी केलं? मिलर यांचा अंदाज असा की घशातल्या संवेदकांना आंबटपणाचा झटका बसला आणि तिथून मज्जारज्जूकडे गेलेल्या संदेशाने गोळ्याची हाक दाबली. त्यावरून पुढे तिखट-आंबट पेयंही बाजारात आली. त्यांचे निकाल मात्र कधी होकारार्थी, कधी नकारार्थी.

ओंकार_फतेगंज
पण हा प्रयोग विजेने आणलेल्या गोळ्यावर आणि तळव्यातल्या छोट्या स्नायूवर झालाय. गरब्याच्या चौथ्या तासाची पोटरी त्यात नाही.

आणि पाण्याबद्दल मी एक उलटा प्रयोग वाचलाय. ऑस्ट्रेलियात लाउ, काटो आणि नोसाका यांनी 2019 मध्ये केला. लोकांना गरमीत उतारावर धावायला लावून वजनाच्या दोन टक्के घाम काढला. मग एकदा साधं पाणी दिलं आणि एकदा ओआरएससारखं पेय. साध्या पाण्यानंतर पोटरी कमी ठोक्यांना आखडायला लागली. क्षारांच्या पेयानंतर उलट, जास्त ठोके लागले. म्हणजे 1923 चे खाणमजूर आठवा. गडबड घामाने होत नसेल, घामानंतर साध्या पाण्याने मीठ पातळ झाल्यावर होत असेल. आणि नसांचा उंबरठा मिठाने हलतो असं झालं, मग मीठ की नसा हा प्रश्नच चुकीचा मांडलाय.

केतकी_फिजिओ
हो, ओंकार, तो प्रयोग चांगला आहे आणि मी सांगायला हवा होता. त्यावर एवढंच, मिलर यांच्या गटाने नुसती तूट आणून उंबरठा मोजला तेव्हा तो हलला नव्हता. दोन्ही खरं असू शकतं. नुसती तूट एक गोष्ट आणि तुटीवर साधं पाणी ओतणं दुसरी.

पण तुझ्याच धाग्याने पुढे गेलं तर मृण्मयीने ओआरएस घेतलं होतं. तिचा उंबरठा वर जायला हवा होता.

ओंकार_फतेगंज
तिथेच मला शंका आहे. वजनकाट्यावर पाणी दिसतं, मीठ दिसत नाही. पहिल्या चार माळांना त्यांनी साधं पाणी प्यायलं असेल आणि दिवसा नवरात्राचा उपास असेल, तर पाच दिवसांची मिठाची तूट साचत गेली असेल. वजन भरून निघतं, मीठ नाही.

मृण्मयी_रावपुरा
उपास आहे. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, सैंधव घालून. पण हो, रोजच्यापेक्षा मीठ कमीच जात असणार. आणि पहिल्या चार माळांना साधंच पाणी होतं. ओंकार, हे मी मांडलंच नव्हतं.

केतकीताई, तुमचा टाचेचा प्रश्न. काल मैत्रिणीने काढलेली चित्रफीत पाहिली. सुरुवातीच्या तासात टाच टेकते. चाल वाढल्यावर शेवटची वीस मिनिटं उजवी टाच एकदाही टेकलेली नाही. वळताना मी प्रत्येक वेळी उजव्याच पायावर फिरते.

केतकी_फिजिओ
हे बघून मला आनंद झाला, कारण असं कोणी तपासत नाही. पण ओंकारची शंका मी फेटाळू शकत नाही. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला एक-दोन दिवसांत लागतात, त्यामुळे पाच दिवस सरळ वजाबाकी होत नाही. तरी उपास आणि रोजचा दीड लिटर घाम एकत्र आले की काय होतं ते तुझं रक्त न तपासता मी बोलणार नाही. आणि रक्तात ठीक दिसलं तरी नसेच्या टोकाशी, स्नायूच्या अगदी लगत काय चाललंय ते रक्त सांगतंच असं नाही. टू ओशन्सच्या अभ्यासावर हाच आक्षेप घेतात.

आणि नसांची बाजू मानणारेही आपसात एकमत नाहीत. गोळ्याची हाक मज्जारज्जूतून येते, की नसेच्या पोटरीतल्या टोकाशीच ठिणगी पडते? नस मध्येच बधिर करून, म्हणजे मज्जारज्जूशी संबंध तोडून, पलीकडे वीज दिली तरी गोळा येतो. म्हणजे टोकाशी काहीतरी आहे. पण मिनेट्टो यांनी 2011 मध्ये दाखवलं की बधिर केल्यावर गोळा आणायला जास्त ठोके लागतात आणि तो लवकर विझतो. सुरुवात खाली होत असेल, टिकवून धरायला मज्जारज्जू लागत असेल. मी सध्या असं समजून चालते, पण उद्या बदलेनही.

वैशाली_इंदूर
केतकीताई, आईचं सोडियम कमी, 128 आलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर मी मॅग्नेशियमच देत बसले असते.

नाना_दांडियाबाजार
मृण्मयी बेटा, एक विचार. आमच्याकडे बैठका मारताना नवीन पोरगा टाच उचलायचा, तेव्हा वस्ताद पाठीत रट्टा द्यायचे. टाच टेकव म्हणायचे. मी समजायचो ती शिस्त आहे. मीठ मी अजून सोडत नाही, पण टाचेचं आज नव्याने कळलं.

मृण्मयी_रावपुरा
नवरात्र संपलं, काल शरद पौर्णिमेचा गरबा झाला, म्हणून कळवते. सातव्या माळेपासून दोन गोष्टी केल्या. चाल वाढली की दर पाच मिनिटांनी बाजूला होऊन दोन्ही टाचा टेकवून पोटरी ताणायची. आणि उलट्या वळणाचा पाय सुरू केला, म्हणजे भार डाव्यावर. प्यायला ओआरएसच, तेवढंच. सातवी, आठवी, नववी माळ आणि काल, चारही रात्री गोळा नाही. काल घाम 1.9 लिटर आणि तूट 0.9 किलो, पाचव्या माळेपेक्षा जास्त.

ओंकार_फतेगंज
ताई, छानच. पण काल तुमचा उपास नव्हता ना? आणि दसऱ्यानंतर चार दिवस पोटरीला आरामही मिळाला. कालची रात्र दोन्ही बाजू आपापल्या खात्यात टाकतील.

मृण्मयी_रावपुरा
कालचं खरं. पण सातवी ते नववी माळ उपास होता, आरामही नव्हता.

ओंकार_फतेगंज
आणि तोपर्यंत रोज ओआरएसही चालू झालं होतं.

मृण्मयी_रावपुरा
बरोबर. मग पुढच्या वर्षी पहिल्या माळेपासून ओआरएस घेईन आणि पाय मात्र जुन्या सवयीने उजव्यावरच फिरवीन. पाचव्या माळेला काय होतं ते इथेच लिहीन. केतकीताई, तेव्हा मैदानावर असाल तर चवडा दाबायला याल ना?

केतकी_फिजिओ
येईन. वजनकाटाही घेऊन येते, माझं पण मोजू.